जिनफेंगच्या अंगणातलं अंड्याचं सूप

फान युलानला एका जागी बसलेलं लिउगोऊ गावात कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानाही ती उभ्यानेच वाडगा हातात धरून दारापर्यंत जायची, परत चुलीपाशी यायची, मध्येच कोंबड्यांना हाकलायची. नवरा ट्रकवर. महिन्या-दोन महिन्यांनी घरी आला की म्हणायचा, "अगं, तुझ्याकडे बघून मला गाडीतच बसल्यासारखं वाटतं. जरा टेक की." ती टेकायची आणि लगेच उठायची. पुढे ट्रक गेला, नवराही गेला, मुलगी शहरात नांदायला गेली, पण युलानच्या पायांची वळवळ काही गेली नाही.

पंचक्रोशीतल्या लग्नांचा, बारशांचा आणि मयताच्या जेवणांचा स्वयंपाक तिच्याकडे असायचा. चीनमधल्या लोयांगच्या त्या भागात पंगत म्हणजे एकामागून एक येणारी रस्सेदार भांडी. एक वाडगं संपतंय तोवर दुसरं येतं, आंबट, तिखट, गरम. आणि सगळ्यात शेवटी येतं अंड्याचं सूप. ते टेबलावर आलं की कुणाला काही सांगावं लागत नाही. लोक दोन घोट घेतात, तोंड पुसतात आणि उठतात. त्यांच्या बोलीत 'अंडं गडगडलं' आणि 'चला, फुटा' या दोन्हीला एकच शब्द आहे, त्यामुळे सूप आलं की कुणीतरी टवाळखोर ओरडतोच, "घ्या, आलं बोलावणं! यजमान म्हणतोय, आता घरी जा."

म्हणून हे सूप सगळ्यात साधं आणि सगळ्यात अवघड. आधीच्या एखाद्या रश्शात मीठ कमी पडलं तर पुढच्या वाडग्यात लोक विसरतात. सुपानंतर काही नसतं. जिभेवर तीच चव घेऊन माणूस घरी जातो आणि बायकोला सांगतो.

हा धंदा मुळात युलानचा नव्हता. तिचे थोरले दीर आचारी होते. ते अचानक गेले तेव्हा ऐन हंगामातली ठरलेली जेवणं अंगावर होती. लोक म्हणाले, आता दुसरा आचारी बघू. तेव्हा थोरली जाऊ जिनफेंग सुतकाचं पांढरं फडकं डोक्याला बांधलेलं असतानाच दारात येऊन म्हणाली, "भांडी आमची आहेत, चुलाण आमचं आहे, चव आम्हाला ठाऊक आहे. बघायचं कशाला?" बायकांनी तीस टेबलांची पंगत उठवायची हे ऐकून पुरुष हसले. युलान हसली नाही. ती कधीच भांडी गाडीवर चढवायला लागली होती.

दोघींनी कामं आपोआप वाटून घेतली. धावपळ, चिरणं, उकडणं, माणसांवर ओरडणं, सगळं युलानचं. जिनफेंग सावकाश. ती मसाले बघायची, रस्सा चाखायची, आणि शेवटी सुपाला अंडं सोडायची. मोठ्या कढईत एकट्या बाईला ते नीट जमत नाही. एकीने अंडं सोडायचं, दुसरीने ओगराळं फिरवायचं. जिनफेंग सोडायची, युलान फिरवायची.

तिथेच युलानचा जीव जायचा. कारण त्या कामात हात चालवण्यापेक्षा न चालवणं जास्त. हाडांचा निवळ रस्सा उकळायचा, त्यावरचा मळ झाऱ्याने काढायचा, मीठ-मिरी घालायची. मग रताळ्याचं सत्त्व पाण्यात कालवून सोडायचं, रस्सा किंचित दाटेपर्यंतच. त्या दाटपणावर अंडं तरंगतं, नाहीतर तळाला जाऊन बसतं. अंडी अशी फेटायची की पांढऱ्याचा एकही लोंबता धागा राहू नये, पण फेसही होऊ नये. झालाच तर वरून काढून टाकायचा. मग चुलाणातला जाळ मागे ओढायचा. कढईच्या कडेला बारीक बुडबुडे, मधला भाग नुसता थरथरता. अशा वेळी चोचीच्या भांड्याच्या तोंडावर दोन काड्या धरून, त्यांच्यावरून अंड्याची बारीक धार उंचावरून सोडायची, गोल गोल, एका जागी दुसऱ्यांदा नाही. आणि मग थांबायचं.

"थांब," जिनफेंग म्हणायची.

युलानचं ओगराळं कढईच्या काठावर टकटक वाजायचं. "झालं की ओ, जाऊबाई."

"नाही झालं. अजून ओलं आहे. आता ढवळलंस तर दूध होईल दूध."

आणि ती खरंच युलानचं मनगट धरून ठेवायची. अंडं वर येऊन पातळ पिवळ्या ओढणीसारखं पसरलं की मनगट सोडायची. मग युलानने एकदाच, एकाच दिशेने, हलक्या हाताने ओगराळं ढकलायचं. ओढणीच्या लांब लांब रेशमी पट्ट्या व्हायच्या आणि खालचा रस्सा तसाच आरपार दिसायचा. पुन्हा जाळ थोडा आत, पुन्हा थरथर, पुन्हा धार. कारण प्रत्येक धारेबरोबर कढई थोडी निवते, आणि निवलेल्या रश्शात सोडलेलं अंडं पट्टी न होता विरघळतं.

अशी किती वर्षं गेली. दोघींच्या सुपाचं नाव झालं. बाहेरगावच्या पंगतीत लोक सुपाची वाट बघत बसायचे, जे कुठे होत नाही.

मग वरच्या वाडीतलं ते जेवण आलं. एका म्हाताऱ्याच्या वाढदिवसाचं, मोठी मोठी माणसं आलेली. जिनफेंगने भांडं उचललं आणि धार सोडली. युलान चुलाणाकडे पाठ करून वाडगी मांडत होती. वळून बघते तर कढई मेलेली, एक बुडबुडा नाही, आणि त्या कोमट रश्शात अंडं धुरासारखं पसरत चाललेलं. काही करायच्या आत सगळं सूप तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं.

युलानच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं. वाढपी, यजमान, सगळे उभे असताना ती ओरडली, "थंड कढईत ओतलंत? दिसत नाही? आंधळ्या झालात का?"

जिनफेंगने भांडं खाली ठेवलं. हात पुसले. त्या गर्दीतून, बाकांना हात लावत लावत ती बाहेर गेली आणि चालत घरी गेली. त्यानंतर ती कढईपाशी उभी राहिली नाही.

बाकांना हात लावत लावत. हे युलानला तेव्हा दिसलं होतं आणि कळलं नव्हतं. जिनफेंगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, हे पुढे बऱ्याच दिवसांनी तिला दुकानात कुणाकडून तरी कळलं. तोवर पुतण्याने आईला शहरात नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं होतं. भेटायला जावं असं युलानच्या मनात दहादा आलं. दहादा ती कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून दुसऱ्याच कुठल्या कामाला वळली. घरी बसलं की ते आठवायचं, म्हणून ती आणखी लांबच्या गावांची जेवणं घ्यायला लागली. अंडं आणि ओगराळं दोन्ही तिच्याच हातात आलं. डाव्या हाताने ओतायची, उजव्याने ढकलायची. लोक चांगलं म्हणायचे. तिला ठाऊक होतं की पट्ट्या आखूड पडतात.

* * *

मग काही वर्षांनी, बाराव्या महिन्यातल्या कडाक्याच्या थंडीत, जिनफेंगचा मुलगा देछांग दारात आला.

"काकू, लेइचं लग्न ठरलंय." लेइ म्हणजे त्याचा मुलगा, जिनफेंगचा नातू. "जेवण तुम्हीच करायचं."

युलान तेव्हा हिवाळ्यासाठी कोबी मातीत पुरून ठेवत होती. कुदळ तशीच हातात. "तुझ्या आईने सांगितलं?"

"आईने नको असं सांगितलं नाही."

"म्हणजे सांगितलंही नाही."

"काकू, आता तुम्हा दोघींच्या मध्ये मला नका चिरडू," देछांग काकुळतीला आला. "नवरीकडचे लोक शहरातून बस करून येणार. त्यांनी आपल्याकडची पंगत कधी खाल्लेली नाही. दुसऱ्या कुणाला बोलावू? तो खालच्या गावचा आचारी सुपात अंडं घालतो की कापूस, कळत नाही."

युलान हसली, आणि हसताना तिचा डावा खांदा कळवळला. पानगळीपासून तो खांदा धड वर जात नव्हता. केस विंचरायला हात उचलला की डोळ्यांत पाणी यायचं. हे तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आतच ती जिनफेंगच्या अंगणात होती. इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला होता. विटांची दोन चुलाणं रचलेली, वर ताडपत्री, ध्वनिक्षेपक कोकलत होता. जाळावर मानतुन होता, तिचा जुना गडी, चाळिशी उलटलेला, तोंडाचा पट्टा सतत चालू. मक्याची दाणे काढलेली कणसं त्याने ढिगाने रचून ठेवली होती. ती भडकन पेटतात आणि ओढली की लगेच शांत होतात, म्हणून सुपाला तीच लागतात.

"आज बाईसाहेब चार पावलं जास्तच चालताहेत," मानतुन म्हणाला. "अंगणात वाट पडली तुमच्या चालण्याने."

"जाळ बघ, माझे पाय नको बघू."

पण खरंच तिला चैन नव्हतं. ती चिरलेला मुळा पुन्हा तपासत होती, झाकलेली भांडी पुन्हा उघडत होती. मधूनच नजर समोरच्या खोलीकडे जायची. तिथे मानाच्या खुर्चीवर लाल जाकीट घालून जिनफेंग बसली होती. जाड भिंगांचा चष्मा. केस पार पांढरे झालेले. एकदा ती तोंड इकडे करून बघत होती असं युलानला वाटलं. पण तिला इतक्या लांबचं दिसतं की नाही, कुणाला माहीत.

पंगत सुरू झाली. वाडगी जात होती, रिकामी येत होती. नवरीकडचे लोक आधी बिचकत होते, मग घाम पुसत दुसऱ्यांदा मागू लागले. लग्नाचा सगळा कारभार गेंग नावाच्या जाडगेल्या गृहस्थांकडे होता. ते दर थोड्या वेळाने ताडपत्रीखाली डोकावायचे. "युलानबाई, बसवाला घाई करतोय. आभाळ भरून आलंय, बर्फ पडला तर घाटात अडकू म्हणतो. सूप कधी?"

"होईल तेव्हा."

"म्हणजे कधी?"

"कारभारी, तुम्ही इथून गेलात की लगेच."

मोठ्या कढईत रस्सा तयार होता. सत्त्व सोडून झालं होतं. थेंब ओगराळ्याच्या पाठीवर पातळसा चिकटत होता, हवा तितकाच. देछांगची बायको आइलिंग हिने अंडी फेटून दिली होती. युलानने वरचा फेस काढला, मानतुनला जाळ ओढायला सांगितला, कडेचे बुडबुडे बघितले आणि चोचीचं भांडं डाव्या हातात उचललं.

पहिलं वर्तुळ बरं पडलं. दुसऱ्या वर्तुळाला हात कढईच्या पलीकडच्या बाजूला न्यायचा होता. तिथे खांद्यात कुणीतरी सुरी फिरवावी तशी कळ आली. हात खचला. काड्या निसटून रश्शात पडल्या आणि अर्धं भांडं अंडं एकाच जागी भदकन कोसळलं.

त्याच क्षणी ती थांबली असती तर निदान एक गोळा होऊन निभावलं असतं, झाऱ्याने उचलता आला असता. पण थांबणं तिच्या रक्तात नव्हतं. घाबरून तिने ओगराळं घातलं आणि फराफरा ढवळलं. बाहेरून शिजलेला, आतून ओला गोळा फुटला. त्याचे कपचे झाले, आणि आतलं कच्चं अंडं सगळ्या रश्शात पसरलं. बघता बघता आरपार दिसणारी कढई गढूळ झाली. वर मळकट फेस, मध्ये ढेकळं.

मानतुनचा तोंडाचा पट्टा बंद पडला. आइलिंगने तोंडावर हात ठेवला.

"सूप!" बाहेरून गेंग कारभाऱ्यांची आरोळी आली. "चला, सूप येऊ द्या!"

टेबलावरची कुणीतरी बाई मोठ्याने म्हणाली, "काय हो, आज घरी पाठवायचं नाही वाटतं आम्हाला?" हशा झाला.

युलान कढईकडे बघत उभी. मग डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार पावलं. "गाळू या का? फडकं आण, फडकं. नाही, सत्त्व आहे त्यात, गाळून निवळणार नाही. मिरी जास्त टाकू का? छे! मानतुन, हे असंच देऊ या का?"

"बाई, हे सूप बघून लोक घरी नाही जायचे," मानतुन हळूच म्हणाला. "दवाखान्यात जातील."

"मागच्या पातेल्यात रस्सा किती आहे?" हा आवाज मागून आला.

ताडपत्रीच्या कडेला जिनफेंग उभी होती. एक हात खांबावर. लाल जाकिटाची बाही तिने कोपरापर्यंत वर ओढली होती.

आइलिंग म्हणाली, "आहे सासूबाई, अर्ध्याहून जास्त. उकळतं पाणी घातलं तर पुरेल."

"मग ही कढई उतरवा. पुढच्या चुलाणावर दुसरी मोठी कढई ठेवून ते पातेलं तिच्यात ओता. आइलिंग, आहेराच्या टोपल्यांत अंडी आलीयत ना? दोन टोपल्या फोड. फेस करू नकोस. चमच्याभर पाणी आणि चिमूटभर सत्त्व घाल त्यात, मऊ राहील." मग युलानकडे वळून म्हणाली, "खांदा कधीपासून धरलाय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" युलानने विचारलं.

"सकाळपासून भांडी उजव्याच हाताने झाकतेयस. डोळा एक आहे, पण एवढं कळतं."

म्हणजे दिवसभर ती बघत होती. युलान चुलाणाकडे गेली, परत आली. "जाऊबाई, मी तेव्हा वरच्या वाडीत..."

"रस्सा उकळायला लागला," जिनफेंग म्हणाली. "मळ काढ."

युलानने मळ काढला. मीठ-मिरी झाली. सत्त्वाचं पाणी सोडलं, आधी थोडं, मग थेंब बघून आणखी थोडं. बाहेर बसचा भोंगा वाजला. गेंग कारभारी ताडपत्रीखाली शिरले, जिनफेंगला बघून चपापले आणि आल्या पावली मागे गेले. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, "पाहुणे मंडळी, आता यजमानांची आई स्वतः सूप करतायत! जरा दम धरा!" खोटं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, या वेळी मात्र ते चुकून खरं बोलले.

"भांडं मला दे," जिनफेंग म्हणाली.

ती कढईवर वाकली आणि वाफेने चष्मा पांढरा झाला. पुसला, पुन्हा पांढरा. शेवटी तिने तो काढून आइलिंगच्या हातात दिला. उघड्या डोळ्याने ती कढईकडे बघत होती, आणि ती नजर कढईच्या थोडी पलीकडे लागली होती. युलानच्या लक्षात आलं. कढईचा काळा आणि वाफेचा पांढरा, याखेरीज तिला तिथे काही दिसत नव्हतं.

"बुडबुडे तू बघ," जिनफेंग अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "मी ओतते. कधी ते तू सांग. आणि खोटं सांगू नकोस."

युलान कढईपाशी उभी राहिली. सगळा रस्सा धडधडत होता. असा उकळता असताना अंडं सोडलं तर चुरा होतो. "मानतुन, ओढ."

जाळ मागे गेला. "आता?" जिनफेंगने विचारलं.

"नाही. अजून उसळतंय."

बाहेर लोक बाकं सरकवत होते. कुणाचं तरी पोर रडत होतं. युलानचे पाय आतल्या आत वळवळत होते, पण तिला कुठे जाता येत नव्हतं. कढईवरची नजर काढली की जिनफेंग पुन्हा अंधारात. आयुष्यात पहिल्यांदा ती एका जागी अशी खिळून उभी होती आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"आता?"

"नाही. मधोमध अजून... थांबा. आता पार निवत चाललं. मानतुन, दोन कणसं घाल. दोनच रे!" कडेला मोत्यांची माळ उठली, मधला भाग थरथरला. "आता. सोडा."

काड्यांवरून धार निघाली. बारीक, न तुटणारी. जिनफेंगचा हात त्या कढईचा घेर विसरला नव्हता. डोळ्यांनी काही दिसत नसताना तो बरोबर काठापासून वीतभर आत राहून फिरला, मग आणखी आत, मग मध्ये. "काठ आला," युलान म्हणाली. "आत या. आता उजवीकडे कोरं आहे. हां. पुरे."

धार थांबली. अंडं रश्शाखाली गेलं आणि दिसेनासं झालं. युलानचं ओगराळं तिच्या हातात होतं. हात शिवशिवत होता. आतल्या आत कुणीतरी म्हणत होतं, ढकल, ढकल, तळाला चिकटेल, ढकल. तिने ओगराळ्याची दांडी इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. आणि ती बघत राहिली. आधी एका कोपऱ्यात पिवळसर सावली वर आली. मग दुसरीकडे. मग सगळ्या कढईवर ती पातळ ओढणी हळूहळू तरंगून आली, शिजली, तिच्या कडा किंचित वळल्या.

"ढकलते," ती म्हणाली आणि एकदाच ढकललं. लांबच लांब पट्ट्या सुटल्या आणि रश्शात लहरत राहिल्या. खाली कढईचा काळा तळ दिसत होता.

"कशी आहे?" जिनफेंगने विचारलं.

युलानला बोलता येईना.

"अगं, कशी आहे? मेली बोलत का नाही? फुटली का?"

"तळ दिसतोय, जाऊबाई," युलान म्हणाली. "तळ दिसतोय."

"मग रडतेस काय? दुसरा जाळ लाव. एवढ्याने तीस टेबलं होणार आहेत का?"

आणखी दोन धारा सोडल्या. मधे दोनदा युलान घाईने "आता" म्हणाली आणि तिलाच खरं वाटेना, म्हणून तिने शब्द परत घेतला. शेवटची धार पडल्यावर जाळ पूर्ण काढला, नाहीतर त्या उष्णतेत आधीच्या पट्ट्या चिवट झाल्या असत्या. थोडं व्हिनेगर, थोडं तिळाचं तेल, चिरलेली कोथिंबीर. वाढपी पळाले.

बाहेर वाडगी टेबलांवर पोचली. मग चमच्यांचा आवाज. मग कुणातरी टवाळखोराचा आवाज, "आलं बोलावणं!" पण लोक लगेच उठले नाहीत. नवरीच्या वडिलांनी दुसऱ्यांदा मागितलं. बसवाला आत येऊन एक वाडगं उभ्याउभ्याच प्याला आणि भोंगा वाजवायचं विसरला.

आभाळ फुटलं ते बस निघताना. बर्फाचे पहिले कण पडायला लागले. नवरीची आई लेकीला सोडेना, देछांग सगळ्यांना सिगारेटी वाटत होता. ताडपत्रीखाली मानतुन बिघडलेल्या कढईतली ढेकळं वाडग्यात घेऊन खात बसला होता. "दिसायला वाईट," तो म्हणाला, "पण अंडंच आहे की. मी काय शहरातला पाहुणा आहे?"

दोघी जावा चुलाणाच्या दोन बाजूंना होत्या. युलानने वरच्या वाडीची गोष्ट पुन्हा काढली. या वेळी जिनफेंगने तिला बोलू दिलं. ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, "तू म्हणालीस ते खरंच होतं. मी आंधळी झाले होते. मला राग त्याचा नाही आला. मी ओतत होते तेव्हा तू कुठे होतीस, याचा आला. तू तिथे असतीस तर मी तुला विचारलं असतं. तू कधी तिथे नसतेसच. सगळीकडे असतेस."

युलानला हे त्या जुन्या बोलण्यापेक्षाही लागलं. ती भांडी घासायला उठली, आणि जिनफेंगनेही तिला बस म्हटलं नाही.

* * *

त्या हिवाळ्यात जिनफेंग तिच्याबरोबर आणखी काही जेवणांना आली. दोघींचं सगळं गोड झालं असं नाही. मिरीवरून भांडणं व्हायची. बाजारची अंडी पाणचट म्हणून जिनफेंग नाक मुरडायची, ओतताना युलान उशिरा सांगते म्हणून चिडायची. आइलिंग हळूहळू धार सोडायला शिकत होती. तिचा हात चांगला होता, पण ती बोलायची फार.

वसंतात देछांगने आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं. सोबत युलान गेली. देछांग म्हणाला होता, काकू, तुम्ही कशाला, दिवसभर नुसतं बसायचं असतं तिथे. तरी गेली.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तिने सकाळपासून किती फेऱ्या घातल्या याला गणती नाही. नर्सने दोनदा सांगितलं, "आजी, बसा बघू, पेशंटना त्रास होतो." ती बसायची. दार उघडल्याचा आवाज झाला की उठायची. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, उशीर फार झालाय, किती दिसेल ते पट्टी काढल्यावरच कळेल.

पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. जिनफेंगने तो डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. उजेड दिसत होता. खिडकीची चौकट दिसत होती. समोर काहीतरी हललं तर हललेलं कळत होतं. एवढंच, डॉक्टर म्हणाले, याहून जास्त बहुधा नाही.

"बरं," जिनफेंग म्हणाली. मग त्या डोळ्याने खाटेच्या पायथ्याशी इकडून तिकडे जाणाऱ्या आकृतीकडे बराच वेळ बघत राहिली.

"ही तूच ना गं?" तिने विचारलं.

"मीच."

"वाटलंच." तिने उशी नीट करून घेतली. "जा, खाली जाऊन काहीतरी खायला आण. मलाही भूक लागलीय."

युलान निघालीसुद्धा. जिन्यापर्यंत गेल्यावर तिला आठवलं की काय आणायचं ते विचारलंच नाही, आणि ती तशीच परत फिरली.